बिलासाठी दिलेला नंबर पुढे कुठे जातो? सहा आडनावांनी केलेली चार महिन्यांची नोंद

खडेबाजारात चपला घेतल्या. पैसे रोख दिले. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता विचारलं, "नंबर सांगा सर." कशाला हवा, असं विचारल्यावर म्हणाला, "नंबर घातल्याशिवाय बिल फुडं जात नाही बघा." मागे चार माणसं उभी होती. अशा वेळी आपण काय करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्याने दहा आकडे सांगतो, मागच्या चौघांनाही ते ऐकू जातात, आणि पिशवी घेऊन बाहेर पडतो.

त्या दहा आकड्यांचं पुढे काय होतं, यावर बोलणं पुष्कळ होतं, पण ते बहुतेक अंदाजाचंच असतं. "डेटा विकतात हो सगळे" हे वाक्य तर चहाच्या गाड्यावरही ऐकू येतं. कोण विकतं, कोण विकत नाही, आणि न विकताही नंबर कसा फिरतो, हे पाहायचं म्हणून मी एक साधा उद्योग केला. एक नवं प्रीपेड सिम घेतलं, ते बँक, आधार, नातेवाईक कुणालाच दिलं नाही, आणि सहा ठिकाणी तोच नंबर पण वेगवेगळ्या आडनावाने दिला. आपल्या भागात याची एक सोय आहे. कुठल्याही शब्दाला ‘कर’ लावला की आडनाव तयार होतं आणि बिल करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. चपलांच्या दुकानात मी पादुकर झालो, चष्म्याच्या दुकानात काचेकर, औषधांच्या दुकानात मात्रेकर, कपड्यांच्या मोठ्या दुकानात सुतकर, प्रदर्शनातल्या सोडतीच्या कुपनावर भाग्येकर आणि घरांच्या जाहिरातींच्या एका संकेतस्थळावर अंगणकर. पुढे फोन आला आणि समोरच्याने आडनाव घेतलं, की नंबर कुठून गेला ते आपोआप कळणार.

पण त्याआधी एक पायरी होती आणि ती केली नसती तर सगळा हिशेब चुकला असता. सिम सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस नंबर कुणालाच दिला नाही, फोन नुसता चालू ठेवला. तरीही फोन आले! एक कर्जवसुलीवाला तीनदा बोलला, एका पतसंस्थेचा हप्त्याचा मेसेज आला, एक कुरिअरवाला दारात उभा असल्याचं सांगत होता. सगळे एकाच माणसाला शोधत होते आणि तो मी नव्हतो. ‘नवं’ सिम म्हणजे बऱ्याचदा कुणाचा तरी सोडलेला नंबर असतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देऊ नये असा नियम आहे. त्यानंतर तो पुन्हा बाजारात येतो. हा मुद्दा पुढे परत येईल, कारण दुसरा नंबर वापरणाऱ्याला सर्वांत मोठा धोका इथूनच आहे. त्या पंधरा दिवसांचे कॉल वेगळे लिहून ठेवले आणि मग दुकानं सुरू केली.

चार महिन्यांत काय झालं ते सांगतो.

पादुकर आणि सुतकर यांचं प्रकरण सौम्य निघालं. दोन्ही दुकानांकडून त्याच दिवशी बिलाचा मेसेज आला, तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर सेलची चित्रं यायला लागली, सणाच्या आधी ती वाढली. पण या आडनावाने तिसऱ्या कुणाचाही फोन आला नाही. काचेकरांना चष्म्याच्या दुकानातून एकदाच फोन आला, डोळे तपासून घ्या म्हणून.

मात्रेकरांचं मात्र विचार करायला लावणारं आहे. औषधांच्या दुकानातून रक्तदाबाच्या ३० गोळ्या घेतल्या होत्या. सत्ताविसाव्या दिवशी मेसेज आला, गोळ्या संपत आल्या असतील, घरपोच पाठवू का? सोय म्हणून हे वाईट नाही. आमच्या वडिलांसारख्या विसरभोळ्या माणसाला उपयोगीच पडेल. पण याचा अर्थ त्या दुकानाच्या संगणकात माझ्या नंबरासमोर आजार लिहिलेला आहे. आजाराचं नाव नसेल, पण गोळीचं नाव आणि ती किती दिवस पुरते हे आहे, आणि त्यावरून आजार ओळखायला डॉक्टर लागत नाही. चपलेचं माप आणि रक्तदाबाची गोळी या दोन नोंदींचं वजन सारखं नाही, तरी दोन्ही काउंटरवर आपण नंबर त्याच सहजतेने देतो.

भाग्येकरांना सोडतीत काही लागलं नाही. दहा-बारा दिवसांनी मात्र "तुमची निवड झाली आहे, सपत्नीक हॉटेलात या, भेटवस्तू घेऊन जा" असे फोन सुरू झाले. सुट्टीतल्या सहलींचं सभासदत्व विकणारी मंडळी ती. प्रदर्शनातला तो काचेचा डबा कुठल्या दुकानाचा नव्हताच, नंबर गोळा करण्यासाठीच तो ठेवला होता. कुपन भरताना आपण बक्षिसाकडे पाहतो. खाली बारीक अक्षरात कुणाचं नाव आहे ते वाचत नाही. माझ्या कुपनावर तर नावच नव्हतं.

आणि अंगणकर! संकेतस्थळावर दोन खोल्यांच्या फ्लॅटची चौकशी भरली आणि दहा मिनिटांत पहिला फोन आला. त्या दिवशी तीन वेगवेगळे एजंट बोलले, तिघेही साध्या दहा आकडी मोबाईलवरून. दोन आठवड्यांनी गृहकर्जवाले आले, महिन्याभरात स्वयंपाकघराचं फर्निचर करून देणारे. सगळे "अंगणकर साहेब" म्हणत होते. तिसऱ्या महिन्यात एकाने "साहेब, घर घेतलं की नाही अजून?" असं आपुलकीने विचारलं, तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं.

म्हणजे "सगळे विकतात" हे खरं नाही. निदान माझ्या सहा ठिकाणांत तरी दुकानं आणि चौकशीचे फॉर्म यांत मोठा फरक पडला. दुकानदाराला तुम्ही परत त्याच्याकडेच यायला हवे असता. शेजारच्या दुकानाला तुमचा नंबर देण्यात त्याचं नुकसान आहे. चौकशी गोळा करणाऱ्या संकेतस्थळाचा धंदाच वेगळा. त्यांच्या भाषेत तुमची चौकशी म्हणजे ‘लीड’. ती ताजी असताना जास्त किमतीला जाते, एकच लीड तीन-चार जणांना दिली जाते, आणि शिळी झाली की ती स्वस्तात पुढच्या धंद्याकडे सरकते. पहिला फोन दहा मिनिटांत येतो तो यामुळे. यात चोरीही नसते. फॉर्मच्या तळाशी ‘मी आणि आपले भागीदार यांच्यातील संपर्कास संमती देतो, माझी डीएनडी नोंदणी असली तरीही’ अशा अर्थाचं वाक्य असतं आणि चौकोनात खूण बहुधा आधीच केलेली असते.

आता दुकानाकडे परत येऊ, कारण न विकताही नंबर फिरण्याचा एक रस्ता तिथून जातो आणि तो फारसा कुणी सांगत नाही. चपलांच्या दुकानाने माझा नंबर कुणाला विकला नाही, तरी आठवड्याभरात माझ्या फेसबुकवर त्याच दुकानाच्या जाहिराती दिसायला लागल्या. लोक म्हणतात, फोन आपलं बोलणं ऐकतो. त्याची गरजच नाही. बिलिंगच्या संगणकातून ग्राहकांच्या नंबरांची यादी एका फाइलमध्ये बाहेर काढता येते आणि ती फाइल जाहिरातदार म्हणून फेसबुकला किंवा गुगलला देता येते. ते आपल्याकडच्या खात्यांशी नंबर जुळवतात आणि जुळलेल्या लोकांना जाहिरात दाखवतात. माझ्या बाबतीत ते जुळलं, कारण प्रयोगाच्या उत्साहात मी तोच नंबर फेसबुकच्या खात्यात जोडून ठेवला होता.

यावर कंपन्यांचं उत्तर असतं की नंबर जसाच्या तसा जात नाही, त्याचं ‘हॅश’ करून जातो. हॅश म्हणजे गणिती यंत्रातून काढलेली अक्षरांची एक लांब ओळ. नंबरावरून ओळ काढता येते, ओळीवरून उलटं नंबरापर्यंत जाता येत नाही, असं सांगतात. पासवर्डासाठी हे बऱ्यापैकी खरं आहे, मोबाईल नंबरासाठी नाही. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा, म्हणजे एकूण शक्यता फक्त ४०० कोटी. साध्या संगणकावर या सगळ्या नंबरांचे हॅश काढून तक्ता करून ठेवायला फार वेळ लागत नाही. मग कुठल्याही ओळीचा नंबर तक्त्यात शोधायचा. शिवाय जुळवणी करण्यासाठी दोन्हीकडे सारखाच हॅश यावा लागतो, तेव्हाच ती होते. म्हणजे तुम्हाला ओळखणं हाच त्याचा हेतू. कुणी यादी दिली ते पाहायचं असेल तर फेसबुकच्या खात्यात जाहिरातींच्या पसंतीमध्ये जाहिरातदारांची नावं उघडून बघा. यादी वापरून जाहिरात दाखवणाऱ्यांची नोंद तिथे मिळते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने पाहिलं तर एका मोटारगाड्यांच्या शोरूमचं नाव निघालं. बाईंनी आयुष्यात मोटार घेतलेली नाही. भावाच्या गाडीच्या सर्व्हिसिंगला त्यांचा नंबर दिला होता, तो तिथे होता.

नंबराचा खरा घोटाळा तो गुपित आहे म्हणून होत नाही. तो सगळीकडे सारखा आहे म्हणून होतो. माझं नाव चार दुकानांत चार तऱ्हांनी लिहिलेलं असेल, पत्ता बदललेला असेल, पण नंबर पंधरा वर्षं तोच. वेगवेगळ्या वह्यांची पानं एकाच दोऱ्यात ओवायची तर तो दोरा म्हणजे नंबर. २०२१ मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींचा डेटा बाहेर आल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा हे उघड दिसलं. त्या डेटाचं एक शोधपान कुणीतरी उघडलं होतं. त्यात मोबाईल नंबर टाकला की नाव, पत्ता आणि ऑर्डर कुठे पोचवली ते ठिकाण दिसत होतं. पैशांची माहिती गेलेली नाही असं कंपनीने सांगितलं. पण एखाद्या मुलीचा नंबर माहीत असलेल्या माणसाला तिच्या खोलीचा पत्ता मिळत असेल, तर कार्डाचा नंबर गेला नाही यात तिला काय समाधान?

आणि नंबरावरून नाव काढायला आज गळतीचीही गरज नाही. यूपीआयच्या ॲपमध्ये कुणाचाही नंबर टाका, तो यूपीआयला जोडलेला असेल तर बँकेतलं नाव समोर येतं. पैसे चुकीच्या माणसाला जाऊ नयेत म्हणून ती सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण त्यामुळे चपलेच्या दुकानात मी पादुकर म्हणून जो नंबर दिला तो माझा बँकेचा नंबर असता, तर आडनाव बदलण्याला काडीचा अर्थ उरला नसता.

कायदा काय म्हणतो? बिलासाठी नंबर लागतो, हे पहिलं खोटं. जीएसटीच्या नियमात बिलावर काय काय असावं याची यादी आहे. नोंदणी नसलेल्या साध्या ग्राहकाचं नाव-पत्ता ५० हजार रुपये किंवा त्याहून अधिकच्या खरेदीवर लागतो. मोबाईल नंबराचा त्या यादीत उल्लेखच नाही. "बिल फुडं जात नाही" हे त्या पोराच्या दृष्टीने खरं असतं, कारण मालकाने सॉफ्टवेअरमध्ये ती जागा सक्तीची करून ठेवलेली असते. पोराशी भांडू नये. बहुतेक ठिकाणी मालकाचा किंवा दुकानाचाच नंबर घालून बिल निघतं आणि रोज दहा जणांचं तसं निघतही असतं. शांतपणे "नंबर देत नाही, तुमचाच घाला" म्हटलं की सहापैकी तीन दुकानांत पुढच्या खेपेला माझं काम झालं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना सांगितलं आहे की सेवा देण्यासाठी नंबराची सक्ती करू नका, ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. अडवलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

दुसरा कायदा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा. तो २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि व्यापाऱ्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. गंमत म्हणजे कायद्याच्या मजकुरातच औषधांच्या दुकानाचं उदाहरण दिलं आहे. ग्राहक बाईने पैसे मिळाल्याची पावती मोबाईलवर पाठवा म्हणून स्वतःहून नंबर दिला, तर दुकानदाराला तो पावती पाठवण्यासाठी वापरता येईल. पावतीसाठी म्हणून दिलेला नंबर सत्ताविसाव्या दिवशी गोळ्यांच्या आठवणीसाठी वापरायचा तर त्याची वेगळी संमती घ्यावी लागेल. संमती द्यायला जितकं सोपं, तितकंच ती काढून घ्यायलाही सोपं असलं पाहिजे, हेही कायद्यात आहे.

याच कायद्यातली एक तरतूद आपल्यासाठी, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसासाठी, फार कामाची आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे अजून बोललं गेलेलं नाही. संमती मागताना जी सूचना द्यायची ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल. राज्याची राजभाषा कोणती याचा इथे संबंध नाही. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठल्याही काउंटरवर ही सूचना मराठीत मागता येईल, गोव्यात कोकणीतही. फलकांवरच्या भाषेसाठी आपण इतकी वर्षं झगडतो आहोत. हा हक्क मात्र न मागता कायद्यात येऊन बसला आहे, मे २०२७ नंतर तो वापरणार कोण एवढंच पाहायचं.

तोवर हातात काय आहे? डीएनडी आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. `START 0` असा मेसेज 1909 ला पाठवला की जाहिरातींचे सगळे प्रकार बंद करण्याची नोंद होते. तरी ज्या दुकानाला किंवा फॉर्मला तुम्ही संमती दिली, त्यांचे मेसेज येऊ शकतात. व्हॉट्सॲपला तर डीएनडी लागूच नाही. दुकानं व्हॉट्सॲपकडे वळली त्याचं हेही एक कारण. साध्या दहा आकडी मोबाईलवरून येणाऱ्या विक्रीच्या फोनांची तक्रार मात्र जरूर करा. असे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून यावेत असा नियम आहे. तक्रार कॉल आल्यापासून ७ दिवसांत ट्रायच्या डीएनडी ॲपवर किंवा १९०९ वर करायची, तुमची डीएनडी नोंदणी नसली तरी चालते. १० दिवसांत ५ तक्रारी झाल्या की त्या नंबरावर कारवाई सुरू होते. नुसतं ब्लॉक केलं तर तो एजंट दुसऱ्याच्या डोक्याशी बसतो. मेसेजचं असेल तर पाठवणाऱ्याच्या नावाचं शेवटचं अक्षर पाहा: `-P` म्हणजे जाहिरात, `-S` सेवा, `-T` व्यवहार, `-G` सरकारी. जाहिरातीचा मजकूर `-S` लावून आला तर तीही तक्रारीची बाब.

आता दुसऱ्या नंबराचं. आपल्या सीमाभागात ही कल्पना नवी नाही. निपाणी, चंदगड, खानापूर या पट्ट्यात वर्षानुवर्षं लोक दोन सिम बाळगत आले, एक महाराष्ट्राचं आणि एक कर्नाटकाचं, कारण टेकडी ओलांडली की रोमिंग लागायचं. कधी कधी तर घरात बसल्या जागी पलीकडचा टॉवर पकडून पैसे कापले जायचे. २०१७ च्या सुमारास देशातलं रोमिंग फुकट झालं आणि दुसरं सिम कपाटात पडलं. तेच आता कामाला येईल असं वाटतं, पण तिथेच घात होतो. त्या जुन्या सिमवर बँकेचं जुनं खातं, गॅसची जोडणी, कुणाचं तरी आधार, असं काही ना काही लटकलेलं असतं. दुकानांना देण्याचा नंबर असा हवा की त्यावर पैशाचं काहीही नाही आणि तो उद्या गेला तरी चालेल. म्हणून आधी जुनं सिम फोनमध्ये घालून महिनाभर पाहा, कोण कोण मेसेज पाठवतं. संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. एका माणसाला ९ ची मर्यादा आहे.

असा नंबर दुकानं, सोडती, प्रदर्शनं, फ्लॅट-गाडीच्या चौकश्या, हॉटेलातली रांग, एकदाच करायची ऑनलाइन खरेदी यांना द्यावा. बँक, यूपीआय, आधार, पॅन, विमा, दवाखाना, मुलांची शाळा यांना नाही. फ्रीज किंवा मिक्सरच्या वॉरंटीलाही खरा नंबर द्या, कारण तीन वर्षांनी तक्रार करताना तोच विचारतात. दोन नंबरांत भिंत ठेवायची तर फेसबुक-गुगलच्या खात्यात दुसरा नंबर जोडू नये. माझी चूक वर सांगितलीच. घरच्यांनाही सांगून ठेवावं लागतं. आमच्या घरी बायकोने किराणा घरपोच मागवताना माझा खरा नंबर दिला आणि एका दिवसात सगळी शिस्त मोडली.

हा नंबर म्हणजे बुरखा नव्हे. तोही तुमच्याच केवायसीवर आहे. फोन करणाऱ्याचं केवायसीतलं नाव समोरच्याला दिसण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने येते आहे. ती आली की या नंबरावरून मी दुकानाला फोन लावला तर पादुकर नव्हे, खरं नावच दिसेल. म्हणून तो फक्त घ्यायला ठेवावा, करायला नाही. इंटरनेटवर फुकट ‘तात्पुरते नंबर’ देणारी पानं असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये; तिथे आलेला ओटीपी जगातल्या कुणालाही वाचता येतो.

सगळ्यांत जास्त चुकतं ते नंबर जिवंत ठेवण्यात. प्रीपेड नंबरावर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही, म्हणजे कॉल, मेसेज, डेटा यांपैकी काहीच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. पण प्लॅनची मुदत संपली की येणारे कॉल आणि ओटीपी त्याच्या कितीतरी आधी थांबतात, त्यामुळे रिचार्जची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी आणि महिन्यातून एकदा त्या सिमवरून एखादा कॉल किंवा मेसेज करावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲपसारख्या ॲपना असाही आदेश दिला की खातं ज्या सिमवर आहे ते सिम त्या फोनमध्ये असलं पाहिजे. म्हणजे सिम कपाटात आणि व्हॉट्सॲप चालू, हे दिवस फार राहतील असं धरून चालू नये.

आणि नंबर सोडायचाच असेल तर रिचार्ज थांबवून गप्प बसू नका. आधी व्हॉट्सॲपमधून त्या नंबराचं खातं काढून टाका. जिथे लॉगिनसाठी तो दिला होता ती ॲप एकेक उघडून नंबर बदला. कुठली ॲप ते आठवत नसेल तर त्या सिमचा मेसेजचा डबा वर्षभर मागे जाऊन पाहा, ओटीपी पाठवणाऱ्यांची यादी तिथेच तयार असते. बँका आणि यूपीआयवाले आता बंद झालेल्या नंबरांची सरकारी यादी पाहून आपली नोंद दुरुस्त करतात. चपलेचं दुकान ती यादी पाहत नाही, औषधांचं दुकानही नाही. माझ्या सिमच्या आधीच्या मालकाने यातलं काहीच केलं नव्हतं. परवा त्याच्या पतसंस्थेचा पुन्हा मेसेज आला, या खेपेला ठेवीची रक्कम आणि मुदत संपण्याची तारीख लिहिलेला. मी पतसंस्थेत फोन करून सांगितलं की हा नंबर आता त्यांचा नाही. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "मग त्यांचा नवा नंबर काय आहे?"